जूनची हळद, मार्चचा हिशेब

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेठेत तासभर काढला की पांढरा शर्ट पांढरा राहत नाही. नवा माल आलेला असतो, पोती फोडून ढीग घातलेले असतात, हवेत हळदीची धूळ असते आणि हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी एका जुन्या आडतदारांच्या पेढीवर चहा पीत बसलो होतो. सौद्यात समोरचा ढीग क्विंटलला १४,००० रुपयांना गेला होता. हातातल्या मोबाइलवर हळदीचा जूनचा वायदा दिसत होता १५,२००. मला आयुष्यात पहिल्यांदाच सापडलेलं फुकटचं घबाड दिसायला लागलं.

"अण्णा, आज इथं घ्यायची आणि आजच जूनच्या वायद्यात विकून टाकायची. क्विंटलला बाराशे सुटले की!"

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुटले? आणि जूनपर्यंत हळद ठेवणार कुठं? तुझ्या फ्लॅटात?"

मग त्यांनी एक जुनी हिशोबपट्टी उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडायला सुरुवात केली. त्या कागदावर जे होतं तेच इथं सांगतो आहे. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, आजचा बाजारभाव म्हणून ते वाचू नयेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

आधी वायदा म्हणजे काय ते थोडक्यात. ठरलेल्या प्रतीचा माल, ठरलेल्या तारखेला, आज ठरलेल्या भावानं देण्या-घेण्याचा करार म्हणजे वायदा. आज माल आणि आज पैसे असा रोखीचा व्यवहार म्हणजे हाजर. सांगलीला हे नवीन नाही. मुंबईत २००३ साली एनसीडीईएक्स हा संगणकावरचा शेतमालाचा वायदे बाजार सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून सांगलीत हळदीच्या वायद्यांचं स्वतःचं एक्स्चेंज होतं. आता हळदीचा वायदा एनसीडीईएक्सवर चालतो, मुदत त्या त्या महिन्याच्या २० तारखेला संपते, आणि मुदतीपर्यंत सौदा उभा ठेवला तर माल द्यावा किंवा घ्यावाच लागतो. ही शेवटची अट फार मोलाची आहे. पडद्यावरचा आकडा तिच्यामुळेच खऱ्या पोत्याला बांधलेला राहतो.

जूनचा वायदा १५,२०० दिसला की बहुतेकांना वाटतं, बाजाराच्या मते जूनमध्ये हळद तेवढ्याला जाणार. अण्णांच्या कागदावर मात्र जूनमध्ये भाव काय होईल हा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता. मला २० जूनला हळद हातात हवी असेल, तर ती मिळवायचे मार्ग किती? एक, जूनचा वायदा घ्यायचा. दुसरा, आज हाजर बाजारात हळद घ्यायची आणि २० जूनपर्यंत सांभाळायची. शेवटी दोन्हीकडे हातात तेच येणार, तीच हळद, त्याच दिवशी. मग दोन्ही मार्गांना सारखाच खर्च यायला हवा. म्हणजे वायद्याचा रास्त भाव आजचा हाजर भाव अधिक तोवरचा सांभाळखर्च. बाजारात याला कॉस्ट ऑफ कॅरी म्हणतात. पाऊस कसा पडेल, निर्यात किती होईल हे सगळं आजच्या हाजर भावात आधीच मिसळलेलं असतं. दोन भावांमधलं अंतर हे भविष्य नसतं, ते भाडं असतं.

दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या मंडळींना हे वेगळ्या नावानं माहीत आहे. शेअरचा सौदा या वळणावरून पुढच्या वळणावर ढकलायचा तर द्यावा लागणारा बदला म्हणजे हाच सांभाळखर्च. २००१ मध्ये बदला बंद झाला आणि शेअरचे वायदे आले. नाव बदललं, गणित राहिलं.

आता हा खर्च मोजू. २० मार्च ते २० जून म्हणजे ९२ दिवस. सगळ्यात मोठा खर्च व्याजाचा. १४,००० रुपये हळदीत अडकले, वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर ९२ दिवसांचे ३५३ रुपये झाले. पैसे घरचे असले तरी हे व्याज धरायचंच, कारण तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर काही मिळालंच असतं. हा आकडा लोक हटकून विसरतात. घरच्या पैशाला व्याज नसतं असं आपण कुठून शिकतो कोण जाणे.

दुसरा खर्च जागेचा. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारी, हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायची जुनी पद्धत होती. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही आणि बंद पेवात हवा राहत नाही, म्हणून कीडही जगत नाही. पेव फोडल्यावर म्हणूनच ते आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग माणूस आत उतरायचा. या पेवांतली हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि जागेचा खर्च अगदी किरकोळ असायचा. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. वायद्यात द्यायचा माल आता मान्यताप्राप्त गोदामातच ठेवावा लागतो. तिथलं तीन महिन्यांचं भाडं आणि विमा मिळून ५० रुपये धरू. तिसरा खर्च घटीचा. हळद सुकते, पोत्याचं वजन उतरतं. अर्धा टक्का घट म्हणजे ७० रुपये. व्याज, जागा आणि घट मिळून ४७३.

तेव्हा रास्त भाव झाला १४,४७३. पुस्तकातलं गणित इथं थांबतं. अण्णांचा कागद थांबला नाही, कारण रास्त भाव कळणं वेगळं आणि त्यावर हात मारता येणं वेगळं. माल विकत घेताना सेस, हमाली, तोलाई, प्रतवारी, गोदामापर्यंतची गाडी असे एकदाच लागणारे खर्च क्विंटलला २४० धरू. वायदा विकताना एक्स्चेंजकडे मार्जिन म्हणून काही रक्कम अडकवून ठेवावी लागते. तिच्यावरचं व्याज आणि दलाली मिळून ६४. हे ३०४ रुपये मिळवले की १४,७७७ होतात. आज हळद घेऊन २० जूनला वायद्यात पोचवायला मला खरोखर एवढा खर्च येईल.

आणि वायदा मिळतोय १५,२०० ला. म्हणजे क्विंटलला ४२३ जास्त. ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा सौदा धरला तर २१,१५० रुपये, तेही सगळं व्याज वजा करून. बाराशेचे चारशे झाले खरे, पण जे उरले त्यांत भावाची जोखीम नाही. आर्बिट्राज म्हणतात ते हेच.

भावाची जोखीम नाही हे पटायला जरा वेळ लागतो, म्हणून जूनपर्यंत जाऊन बघू. समजा हळद कोसळली आणि मुदतीच्या दिवशी ११,००० झाली. गोदामातली हळद ११,००० लाच जाईल, पण वायदा मी १५,२०० ला विकला होता, तिथं ४,२०० मिळालेले असतील. बेरीज १५,२००. उलट हळद १८,००० झाली तर वायद्यात २,८०० गेले, पण माल १८,००० ला दिला. बेरीज पुन्हा १५,२००. भाव कुठंही गेला तरी माझा विक्रीभाव आजच ठरलेला आहे, आणि खर्चही जवळपास आजच ठरलेला आहे.

असं दिसल्यावर मी एकटाच थोडाच धावणार? ज्यांच्याकडे पैसा आणि गोदाम आहे ते सगळेच हाजर घेतील आणि जून विकतील. हाजर भाव चढेल, जूनचा उतरेल आणि अंतर १४,७७७ च्या हिशेबाशी येऊन टेकेल. वायद्याचा भाव रास्त राहतो तो कोणाच्या सचोटीमुळे नाही, या चारशे रुपयांच्या हव्यासामुळे.

मुरलेला व्यापारी हे गणित उलटं वाचतो. तो रास्त भाव काढतच बसत नाही. १५,२०० मधून १४,००० वजा, त्यातून जागा-घटीचे १२० आणि बाकीचे ३०४ वजा, उरले ७७६. चौदा हजारांवर ९२ दिवसांत ७७६ म्हणजे वर्षाला साधारण २२ टक्के. "हळद मला बावीस टक्के देते. मला पैसा किती टक्क्यांनी मिळतो?" एवढाच त्याचा प्रश्न. १० टक्क्यांनी मिळत असेल तर सौदा करायचा. १८ टक्क्यांनी मिळत असेल तर ४२३ चे १४१ उरतात. आणि कोणी सावकाराकडून २४ टक्क्यांनी आणले असतील तर ७१ रुपये खिशातून जातील. तेच भाव, तेच गोदाम, पण एकाला आर्बिट्राज दिसतो आणि दुसऱ्याला खड्डा. बाजारातली कमाल मर्यादा ज्याला सर्वांत स्वस्त पैसा मिळतो तो ठरवतो. बाकीच्यांना दिसणारं अंतर त्याचं उष्टं असतं.

आता हे बिघडतं कुठं ते सांगतो, कारण पुस्तकात "जोखीममुक्त" असा शब्द असतो आणि यार्डात त्या शब्दाला हसतात.

पहिली अडचण रोज संध्याकाळी येते. वायद्याचा हिशेब मुदतीपर्यंत थांबत नाही, तो रोजच्या रोज चुकता करावा लागतो. समजा एप्रिलच्या मध्यात हळद भडकली आणि जूनचा वायदा १८,००० वर गेला. माझं नुकसान कागदावरचं आहे, गोदामातल्या हळदीनं ते भरून निघालेलं आहे. पण वायद्याचे क्विंटलला २,८००, म्हणजे पन्नास क्विंटलचे १,४०,००० रुपये आत्ता रोख भरायचे असतात. हळदीचा फायदा जूनमध्ये माल दिल्यावर मिळणार. या रकमेवरचं दोन महिन्यांचं व्याज सव्वादोन-अडीच हजार होईल, एकवीस हजारांतून ते सोसता येतं. पण रोख नसेलच, तर दलाल सौदा कापून मोकळा होतो. मग वायद्यातले एक लाख चाळीस हजार खरोखरच गेले, आणि हाती उरली उघडी हळद. पुढं भाव पुन्हा १४,००० वर आला तर ते पैसे कुठूनच परत येणार नाहीत. गणित बरोबर असूनही माणूस बुडतो तो असा. म्हणून जाणते लोक अंगावर येऊ शकणाऱ्या रोख रकमेची सोय आधी करतात, सौदा मागाहून.

दुसरी अडचण सरकारी. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मोहरी यांच्यासह काही शेतमालांचे वायदे बंद केले गेले, तेव्हा उभे सौदे फक्त मोडता येत होते, नवे करता येत नव्हते. हळद त्या यादीत नव्हती. पण हाजर माल घेऊन पुढच्या महिन्यात विकायची साखळी ज्यानं लावली आहे, त्याची साखळी अशा वेळी मध्येच तुटते. या जोखमीला कुठलंही सूत्र नाही.

तिसरी अडचण मालाची, आणि माझं घबाड तिथंच वाहून गेलं. कागदावर ४२३ चा आकडा लिहून झाल्यावर अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आता सांग, हा चौदा हजार भाव कुठल्या हळदीचा?"

मी समोरच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

अण्णा उठले, ढिगात हात घालून मूठभर हळद काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हळकुंडांबरोबर गट्टू होते, तुकडे बरेच होते. एक हळकुंड त्यांनी मोडून दाखवलं. ते कटकन मोडलं नाही, जरा वाकून मोडलं. "ओल आहे अजून. हा माल गोदामवाला घेईल का?"

वायद्यात दिली जाणारी हळद कशी असावी हे करारात लिहिलेलं असतं. ओलावा किती चालेल, तुकडे किती, कीड किती, गट्टूचं प्रमाण किती. गोदामात माल आला की नमुना काढून तपासतात आणि न बसणारा माल परत पाठवतात. शिवाय प्रत आणि जागाही जुळावी लागते. करारातल्या भावाचं मूळ केंद्र निजामाबाद आहे. सांगलीची राजापुरी वेगळी, मराठवाड्यात वसमतला येणारी हळद वेगळी. दुसऱ्या केंद्रावर माल दिला तर एक्स्चेंजनं ठरवलेला फरक भावात धरावा लागतो. म्हणजे मोबाइलवरचा १५,२०० हा एका विशिष्ट हळदीचा भाव होता आणि माझा १४,००० भलत्याच हळदीचा.

करारात बसणारा माल त्या दिवशी १४,७०० च्या खाली नव्हता. अण्णांनी पहिली ओळ खोडून पुन्हा बेरीज केली. १४,७०० वर व्याज ३७१, जागा आणि घट १२०, बाकीचे खर्च ३०४. एकूण १५,४९५. वायदा १५,२००. ज्या सौद्यात मला बाराशे सुटताना दिसत होते, त्यात क्विंटलला २९५ रुपये घालवून बसलो असतो.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. अंतर फार मोठं दिसलं, तेही दोन-चार दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तर बाजार चुकला असं आधी म्हणायचं नाही. हाजर भाव आजचाच आहे का की परवाचा? प्रत तीच आहे का? त्या महिन्याच्या वायद्यात खरोखर सौदे होताहेत, की सकाळी कोणीतरी केलेल्या एकुलत्या एका सौद्याचा भाव अजून पडद्यावर लटकतोय? लांबच्या महिन्यांत हे फार होतं. त्या भावावर विकायला गेलो की घेणाराच नसतो. खरा आर्बिट्राज या सगळ्या प्रश्नांतून पार पडतो आणि बहुधा आकारानं लहान निघतो.

आतापर्यंत वायदा महाग असला तर काय, ते पाहिलं. स्वस्त असला तर? हाजर हळद १४,००० आणि जूनचा वायदा १३,७०० असं दिसलं तर? सांभाळखर्चाच्या हिशेबानं वायदा १४,४७३ च्या आसपास हवा. पुस्तक सांगतं, उलटं करा. आज हाजर माल उसना घेऊन विका, पैसे व्याजानं लावा, जूनचा वायदा घ्या आणि मुदतीला मिळालेल्या मालानं उसनवारी फेडा.

शेअरमध्ये हे काही प्रमाणात जमतं, कारण शेअर उसने मिळायची सोय आहे. पण पन्नास क्विंटल हळद तीन महिन्यांसाठी उसनी कोण देणार? त्यामुळे वरची बाजू जशी घट्ट बांधलेली असते तशी खालची नसते. सांभाळखर्च वायद्याला छत घालतो, जमीन घालत नाही.

घालतो एकच माणूस. ज्याच्या घरात हळद आधीच पडून आहे तो. त्याला कोणाकडं उसनं मागायची गरज नाही. वायदे बाजाराबद्दल गावात जे बोललं जातं त्यात ही गोष्ट मी क्वचितच ऐकली आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

समजा एका शेतकऱ्याकडे करारात बसेल अशी ५० क्विंटल हळद आहे. भाव वाढेल या आशेनं ती जूनपर्यंत ठेवायचं त्यानं ठरवलं आहे. त्यानं आज ती १४,००० ला विकली आणि तेवढ्याच मालाचा जूनचा वायदा १३,७०० ला घेतला, तर काय होईल? जूनमध्ये हळद १७,००० झाली तर वायद्यात ३,३०० मिळतील. आधीचे १४,००० मिळवून १७,३००. हळद ११,००० झाली तर वायद्यात २,७०० जातील आणि हाती ११,३०० राहतील. म्हणजे भाव काहीही होवो, हळद घरात ठेवली असती त्यापेक्षा ३०० जास्तच. शिवाय विकून आलेले पैसे ७ टक्क्यांनी ठेवीत टाकले तर तीन महिन्यांचे २४७. जागेचं भाडं आणि घट वाचली त्याचे १२०. बेरीज ६६७. मार्जिनपुरते पैसे ठेवीत जाणार नाहीत आणि दलाली द्यावी लागेल, त्याचे पन्नासेक वजा केले तरी क्विंटलला सहाशेवर उरतात. पन्नास क्विंटलला तीस हजारांच्या वर. भाववाढीची आशाही त्यानं सोडलेली नाही, ती फक्त पोत्यातून काढून वायद्यात ठेवली आहे.

यातही रोजचा हिशेब चुकता करावा लागतो हे विसरून चालणार नाही. भाव पडला की वायद्यात पैसे भरायचे असतात. म्हणून विक्रीचे सगळे पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्यात घालून हा खेळ करू नये, हाताशी रोख हवी. आणि वायदा मुदतीच्या आत विकून मोकळं व्हायचं, कारण उभा ठेवला तर कुठल्या तरी गोदामातली दुसऱ्याची हळद घ्यावी लागेल. आपल्या हळदीचा भाव आणि वायदा अगदी रुपयाला रुपया एकत्र चालतील असंही नाही. पन्नास-शंभराचा फरक राहतो. सहाशेच्या फायद्यात तो बसून जातो, पन्नासच्या फायद्यात बसला नसता.

मग १३,७०० चा वायदा इतका वेळ तसाच का राहतो? कारण ज्यांच्याकडे माल आहे त्यांतल्या सगळ्यांनाच तो सोडायचा नसतो. मसाल्याच्या कारखान्याला चक्की बंद पडू द्यायची नसते. पोतं हातात असण्याची त्याला जी किंमत वाटते, ती या सहाशेहून जास्त असू शकते. बाजारात मालाची टंचाई असली की ही किंमत वाढते आणि वायदा हाजरच्या खाली जातो. जुने शेअरवाले याला उंधा बदला म्हणायचे.

हळदीत हे हंगामाच्या सांध्यावर हमखास दिसू शकतं. डिसेंबरात जुन्या मालाचा साठा तळाला लागलेला असतो, नवी हळद जानेवारीपासून पुढं यायची असते. समजा डिसेंबरात हाजर १६,००० आणि एप्रिलचा वायदा १३,५००. अडीच हजारांची ही चूक कोणी पकडत कसं नाही, असं वाटेल. पण ती चूक नाही. मार्चची हळद जूनपर्यंत गोदामात सांभाळून नेता येते. एप्रिलची हळद मागं डिसेंबरात कशी आणणार? ती अजून जमिनीत आहे. दोन हंगामांच्या मध्ये सांभाळखर्चाचा पूलच नसतो, त्यामुळे तिथं हे सूत्र लावणं चूक.

अशा वेळी वायदा भाव भविष्य सांगत नसला तरी एक गोष्ट स्पष्ट सांगत असतो. हळद सांभाळल्याबद्दल बाजार आता भाडं देणार नाही, उलट कापून घेणार आहे. अण्णांच्या शब्दांत, "वायदा वर असला की बाजार म्हणतो ठेव. खाली असला की म्हणतो काढ." डिसेंबरात सोळा हजाराला न विकता "अजून वाढेल" म्हणून पोती राखून ठेवणाऱ्यांच्या बाजूनं हे गणित उभं नसतं. भाव तरीही वाढू शकतो, पण मग तो सट्टा झाला, साठवण नव्हे.

ती हिशोबपट्टी मी जपून ठेवली आहे. एका बाजूला कोणाच्या तरी सात पोत्यांचं वजन, दुसऱ्या बाजूला खोडलेले चौदा हजार. तुमच्या घरात किंवा गोदामात हळद पडून असेल, तर आज एवढं करा. आपल्या मालाची प्रत करारात बसते का ते एखाद्या जाणत्या आडतदाराला विचारा आणि पुढच्या महिन्याच्या वायद्याचा भाव बघा. त्यातून आजचा हाजर भाव, व्याज, भाडं आणि घट वजा करा. उत्तर शून्याच्या खाली आलं, तर हळद तुम्ही स्वतःच्या खर्चानं सांभाळता आहात. एकट्याची हळद पन्नास क्विंटल भरत नसेल, तर गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला हा हिशेब करायला सांगा. अशा कंपन्यांना एक्स्चेंजवर सौदे करता येतात.